नऊ लाख ‘सगळं मिळून’? आधी फोड मागा, सही नंतर

प्रश्न : वकील मॅडम, मी एका खाजगी कंपनीत ११ वर्षं ७ महिने आहे, हुद्दा मॅनेजरचा. बेसिक आणि डीए मिळून ५२ हजार, ग्रॉस एक लाख. कपातीत माझं नाव आलंय. एचआर म्हणते ३१ मार्चला शेवटचा दिवस, राजीनामा द्या, ग्रॅच्युइटी, शिल्लक ९० दिवसांची रजा आणि सेव्हरन्स सगळं मिळून ९ लाख देतो, दोन दिवसांत सही करा. आज मार्चची १ तारीख, नोटीस पीरियड दोन महिन्यांचा. टॅक्स नव्या रिजीममध्ये भरतो. होमलोन १४ लाख बाकी आहे, हप्ता २२ हजार, आलेले सगळे पैसे त्यात टाकून मोकळं व्हावं असं मनात आहे. करू का?

उत्तर : होमलोनचं नंतर बोलू, आधी ते ‘सगळं मिळून’ बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. एचआरला एक साधा मेल टाका की ९ लाखांची हेडनिहाय फोड लेखी द्या, आणि ती येईपर्यंत काहीच सही करू नका. दोन दिवसांची मुदत ही त्यांची घाई आहे, असा कुठला कायदा नाही.

ग्रॅच्युइटी कंपनी मेहेरबानी म्हणून देत नाही, पाच वर्षं झाली की तो तुमचा कायद्याने हक्क होतो, मग राजीनामा दिलात काय आणि काढलं काय, त्यात फरक पडत नाही. हिशोब असा, शेवटचं बेसिक अधिक डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचे ५२ हजार भागिले २६ म्हणजे २ हजार, त्याचे १५ दिवस म्हणजे वर्षाला ३० हजार. वर्षं मोजताना शेवटच्या तुकड्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर पूर्ण वर्ष धरतात, तुमचे ७ महिने आहेत म्हणून १२ वर्षं. एकूण ३ लाख ६० हजार. आता एचआरचं शीट आलं की दोनच गोष्टी बघा, भागाकार २६ ने केलाय की ३० ने, आणि वर्षं १२ धरलीत की ११. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर आकडा २ लाख ८६ हजार येतो, म्हणजे ७४ हजार गेले, आणि शीट मात्र अगदी बरोबर असल्यासारखं दिसतं. (काही जण वर ऐकवतात की ग्रॅच्युइटी तर तुमच्या सीटीसीत धरलेलीच आहे. असू दे की, सीटीसीत दाखवली म्हणून ती दिली असं होत नाही.) नव्या लेबर कोडमध्ये वेतनाची व्याख्या बदललीय, बेसिक-डीए एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी असेल तर हिशोब वाढतो, पण तुमचं निम्म्याच्या वर आहे म्हणून तुम्हाला त्यात जायची गरज नाही.

रजेचं कंपनीच्या पॉलिसीवर असतं, बहुतेक ठिकाणी बेसिक अधिक डीए भागिले ३० गुणिले शिल्लक दिवस, तसं धरलं तर १ लाख ५६ हजार. म्हणजे हे दोन्ही मिळून झाले ५ लाख १६ हजार, आणि यातला एक रुपयासुद्धा कंपनी ‘जास्तीचा’ देत नाहीये. ९ लाखांतून वजा करा, उरले ३ लाख ८४ हजार. आणि थांबा, नोटीस दोन महिन्यांची असताना तुम्हाला एकच महिना मिळतोय, म्हणजे राहिलेल्या एका महिन्याचा पगार, एक लाख, तोही नियुक्तीपत्राप्रमाणे त्यांनीच द्यायचा आहे. तो जर यातच धरला असेल तर खरा सेव्हरन्स २ लाख ८४ हजार. बारा वर्षांच्या नोकरीला तीन महिन्यांचाही ग्रॉस नाही. ‘नऊ लाख’ ऐकताना भारी वाटतं ते यामुळेच.

हा उरलेला भाग मात्र घासाघीस करण्याचा. मॅनेजर असाल तर सेव्हरन्स कायद्याने सक्तीचा नाही, तुमच्या करारात जे असेल ते आणि जे बोलून मिळेल ते. पण इथे एक बघा, कायदा हुद्द्याकडे बघत नाही, कामाकडे बघतो. कार्डावर मॅनेजर लिहिलंय पण तुमच्या हाताखाली कोणी नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, काम सगळं डेस्कवरचंच आहे, असं असेल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत कामगार ठरू शकता, आणि मग कपातीची भरपाई म्हणून प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार हा हक्कच होतो. तसं वाटत असेल तर रोजच्या कामाचे मेल आणि नियुक्तीपत्र घेऊन जवळच्या एखाद्या लेबर वकिलाला दाखवा, सहीच्या आधी.

आता टॅक्स, आणि इथे लोक फार पैसे घालवतात. ग्रॅच्युइटीला २० लाखांपर्यंत आणि नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशाला २५ लाखांपर्यंत (काही अटींत, तुम्ही त्या अटींत बसता) सूट आहे, नव्या रिजीममध्येही. तुमचे ५ लाख १६ हजार पूर्ण टॅक्सफ्री. पण हे कधी, कंपनीने ते त्या त्या नावाने दिले तर. एका पत्रात ‘एक्स-ग्रेशिया ९ लाख’ असं लिहून टाकलं तर कागदावर सगळा तुमचा पगार. म्हणजे वर्षाचे १२ लाख ग्रॉस, त्यात हे ९, त्यातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, उरले २०.२५ लाख, सेस धरून टॅक्स साधारण २ लाख १४ हजार. फोड नीट केली तर टॅक्सला फक्त ३.८४ लाखच येतात, मग टॅक्स सुमारे १ लाख १० हजार.

हा १ लाख १० हजारसुद्धा बऱ्याच अंशी टाळता येतो, आणि त्याला लागतो एक दिवस. बघा, सेव्हरन्सशिवाय तुमचं यंदाचं टॅक्सेबल ११.२५ लाख, १२ लाखांच्या आत, म्हणून रिबेटमुळे टॅक्स शून्य. सेव्हरन्स ३१ मार्चला आला की तुम्ही १२ लाखांची रेषा ओलांडता आणि एकदम सगळा टॅक्स अंगावर येतो. तोच १ एप्रिलनंतर आला तर तो पुढच्या वर्षाचा. पुढच्या वर्षी ऑगस्टपासून याच पगाराची नोकरी लागली तरी ८ लाख अधिक ३.८४ लाख वजा ७५ हजार, म्हणजे ११ लाख ९ हजार, टॅक्स शून्यच. दुसरं काही मोठं उत्पन्न नसेल तर, अर्थात.

पण नुसतं ‘पैसे एप्रिलमध्ये टाका’ म्हणून भागत नाही बरं का. पगार हा मिळाला किंवा देय झाला, जे आधी होईल तेव्हा टॅक्सला लागतो. तुम्ही ३१ मार्चला मोकळे झालात आणि करारात लिहिलंय की सुटताच रक्कम देय, तर पैसे मे महिन्यात आले तरी ते यंदाचेच. म्हणून मागणी अशी करा की शेवटचा दिवस ३१ मार्चऐवजी १ किंवा २ एप्रिल ठेवा, आणि करारात लिहा की सेव्हरन्स शेवटच्या दिवसानंतर देय होईल. कंपनीला यात एक-दोन दिवसांचा पगार सोडून काही खर्च नाही, त्यामुळे हे बहुतेक मान्य होतं. उलट ते म्हणाले की ‘शेवटचा दिवस ३१ मार्चच, सेव्हरन्स जूनमध्ये देऊ’, तर नको, कंपनीची तब्येत ढासळत असेल तर जूनचं वचन कोण पाळणार.

अजून एक विचारा, ही कपात एखाद्या मंजूर व्हीआरएस योजनेखाली आहे का. योजना टॅक्सच्या नियमात बसत असेल तर त्यातल्या भरपाईला ५ लाखांपर्यंत सूट असते, आयुष्यात एकदाच. मॅनेजरच्या साध्या कपातीला ती नसते, म्हणून योजनेचं परिपत्रक दाखवायला सांगा.

राजीनाम्याचं. ‘वैयक्तिक कारणासाठी सोडतोय’ असं कोरं पत्र देऊ नका, कारण मग नोटीस तुम्ही पाळली नाही असंच कागदावर दिसतं आणि एचआर बदलली की सेव्हरन्सची गोष्ट कोणाला आठवतही नाही. दोन्ही बाजूंच्या सहीचा करार आणि राजीनामा एकाच वेळी द्या, राजीनाम्यात त्या कराराचा उल्लेख ठेवा. ‘यापुढे माझं काहीही येणं नाही’ या ओळीवर सही करायच्या आधी त्याच कागदावर हेडनिहाय आकडे आणि तारीख असू द्या. ग्रॅच्युइटीपुरतं तुम्हाला संरक्षण आहे, ती सही करून सोडून देता येत नाही, ३० दिवसांत दिली नाही तर व्याजासकट मागता येते, त्यासाठी ठरलेला सरकारी अधिकारी असतो. सेव्हरन्सला मात्र असं काही नाही, तिथे सही केली की विषय संपला. आणि हो, नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा, रजेच्या शिल्लकीचा स्क्रीनशॉट हे सगळं आत्ताच स्वतःकडे ठेवा, शेवटच्या दिवशी लॉगिन बंद झालं की तुम्ही हात हलवत बसाल. (फक्त तुमचे स्वतःचे कागद, कंपनीचा डेटा नको, नाहीतर तेच कारण काढतील.)

आता होमलोन. सगळे नऊ लाख त्यात टाकले तर ५ लाख शिल्लक राहतात आणि हातात काहीच नाही, आणि पगार नसताना बँक हप्ता माफ करत नाही. फ्लोटिंग दराचं घरकर्ज कधीही वेळेआधी फेडलं तरी दंड लागत नाही, म्हणून घाई करण्याचं कारणच नाही, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी फेडा. एकदा बँकेत भरलेले पैसे मात्र नोकरी नसताना कोणी परत देत नाही, नवं कर्ज मागितलं तर पगाराची स्लिप मागतील. हप्ता २२ हजार, घरखर्च तुम्ही लिहिलेला नाही, समजा ३८ हजार, म्हणजे महिना ६० हजार, वर्षाचे ७ लाख २० हजार. ९ लाखांतले एवढे बाजूला ठेवा, तीन-तीन महिन्यांच्या एफडीत तुकडे करून, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्यांचं व्याज जात नाही. उरलेले १ लाख ८० हजार हवं तर आत्ताच कर्जात भरा, तेही हप्ता कमी करून घ्यायचा या बोलीवर. बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, तुम्हाला आत्ता हवाय कमी हप्ता, हे लेखी सांगावं लागतं.

आणि मार्चच्या याच पहिल्या आठवड्यात करायचं ते म्हणजे आरोग्य विमा. कंपनीचा ग्रुप विमा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते आणि आधीचा वेटिंग पीरियड पुढे धरला जातो, पण त्यासाठी अर्ज कव्हर चालू असतानाच करायचा, म्हणून एचआरकडून विमा कंपनीचा संपर्क आणि पॉलिसी नंबर फोड मागण्याच्या त्याच मेलमध्ये मागून घ्या.