मीठ न चाखता केलेला स्वयंपाक

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची. शेजारच्या मुसलमान कुटुंबातला मुलगा तिचा जिवलग मित्र. रमजानमध्ये दोघांचं "तुमचा उपवास खरा की आमचा" असं भांडण झालं आणि आता बोलणं बंद आहे. मी दोघांना समजावलं की देव एकच असतो, पण उपयोग झाला नाही. त्यांना अशा विषयांवर बोलूच देऊ नये का?

उत्तर : बोलू द्या. फक्त त्यांच्या हातात वेगळा प्रश्न द्या. कसा, ते एका केसवरून सांगते. मुलांची नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

गार्गी आणि अयान, दोघं चौथीत, एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दारांत राहणारे. त्यांचं भांडण 2025 च्या रमजानमधलं. गार्गीचं म्हणणं, "तुम्ही रात्री पोटभर जेवता, मग तो कसला उपवास?" अयानचं उत्तर, "तुम्ही दिवसभर साबुदाणा खाता, पाणीपण पिता, मग तुमचा कसला?" घरच्यांनी दोघांना तेच सांगितलं होतं, देव एकच. मुलांना त्यात काही सापडलं नाही, कारण त्यांनी देवाबद्दल विचारलंच नव्हतं. या वयात नियम म्हणजे खेळातले नियम. पाणी चालतं की नाही, कधी सुटतो, कोण हरलं. "सगळं सारखंच" म्हटलं की त्यांना डोळ्यांनी दिसणारा फरक आपण नाकारतो आणि मूल गप्प बसतं. पटल्यामुळे नव्हे, उत्तर मिळत नाही म्हणून.

दोघांना एकेक कोरा कागद दिला. दिवस दोघांचा एकच ठरवला, 17 मार्च. त्या दिवशी गार्गीच्या आईची संकष्टी होती आणि अयानच्या घरी सोळावा रोजा. "का करतात" हा प्रश्न मुद्दाम टाळला. "का" विचारलं की मूल मोठ्यांचं वाक्य म्हणून दाखवतं, आणि मोठ्यांच्या वाक्यांची लगेच स्पर्धा लागते. विचारलं ते असं : घरात सगळ्यांत आधी कोण उठलं? काय खायला मनाई होती? स्वयंपाक कधी झाला? पहिला घास कोणाला गेला? उपवास सुटायची वेळ झाली हे कसं कळलं?

शेवटच्या प्रश्नावर दोघं पहिल्यांदा एकमेकांच्या कागदात डोकावले. अयानने लिहिलं होतं, मगरिबची अजान. गार्गीने लिहिलं होतं, चंद्र. अयान म्हणाला, "चंद्र तर आम्ही ईदला बघतो. तुम्ही दर महिन्याला?" मग कळलं की दोघांचा चंद्र एकच असला तरी बघायची दिशा उलटी आहे. ईदची कोर सूर्य मावळल्यावर पश्चिमेला थोडाच वेळ दिसते. संकष्टीचा चंद्र पूर्वेला उगवतो, जवळजवळ भरलेला, आणि त्या दिवशी तर नऊ वाजून गेल्यावर. म्हणजे अयानच्या घरी खजूर खाऊन दोन तास होऊन गेले तरी गार्गीची आई उपाशीच होती. हे अयानला माहीत नव्हतं. "काकू तेवढा वेळ काय करतात?" असं त्याने विचारलं. गार्गी म्हणाली, "स्वयंपाक. पण खारट आहे का ते बघायचं नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी उष्टं होतं."

अयानने पेन्सिल खाली ठेवली. "अम्मीपण नाही बघत! भज्यांच्या पिठात मीठ अंदाजानेच घालते. कमी पडलं तर इफ्तारला अब्बू म्हणतात, चालतं."

हे काढायला पाऊण तास लागला होता. मोठ्यांपैकी कोणी ते सुचवलं नव्हतं, सुचलंही नसतं. मूठभर मीठ, स्वतःची जीभ न लावता, दुसऱ्यासाठी. दोघांच्या आया रोजच्या ओळखीच्या होत्या, पण ही गोष्ट दोघींनी एकमेकींना कधी सांगितली नव्हती.

तारखेचा वाद उरला होता. गार्गीला वाटायचं, ईद दर वर्षी सरकते म्हणजे त्यांची तारीख चुकते. त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. 29 मार्चला अमावस्या, 30 ला गुढीपाडवा, 31 ला ईद. एकाच अमावस्येनंतर दोघांचा नवा महिना सुरू झालेला. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस 354 च्या आसपास भरतात, वर्षाला अकरा कमी. मुसलमानी वर्ष ते तसंच ठेवतं, म्हणून ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते. आपण ते साठू देतो आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून भरून काढतो. पाडवाही दर वर्षी त्याच तारखेला येत नाही, हे गार्गीने स्वतःच मागच्या पानांवरून शोधलं आणि मग तिचा आवाज जरा खाली आला.

सगळे फरक असे सुटत नाहीत, सोडवायला जाऊही नये. बकरी ईदचा विषय निघतोच. तिथे कोरडी माहिती द्या : कुर्बानीच्या मांसाचे साधारणपणे तीन वाटे करतात, घरचा, नातेवाईक-शेजाऱ्यांचा आणि गरिबांचा. कुर्बानी पहिल्याच दिवशी झाली पाहिजे असंही नाही, पुढच्या दोन दिवसांतही चालते. म्हणूनच 29 जून 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत मुसलमानांनी कुर्बानी पुढे ढकलली. एवढं ऐकूनही मुलगी म्हणाली, "मला बघवत नाही," तर ते तिचं खरं वाटणं आहे, द्वेष नव्हे. तसं म्हणू द्या. मित्रालाही ते ऐकता येतं. गार्गीने ते सांगितलं तेव्हा अयान म्हणाला, "मलापण नाही बघवत, मी आत जातो."

काळजी करायची ती वेगळ्या खुणेची. मूल मित्राचं नाव घेऊन बोलतंय तोवर भांडण मुलांचं आहे. "अयान असं करतो" च्या जागी "ते लोक असेच" आलं, किंवा वाक्य तिच्या वयाला न शोभणारं आलं, की ते बाहेरून आलेलं असतं. तेव्हा रागवू नका, "हे कुठे ऐकलंस?" एवढंच विचारा. बहुतेकदा उत्तर मोबाईल, शाळेची बस किंवा आपल्याच घरातलं जेवणाचं टेबल असतं. शेवटचं असेल तर कोऱ्या कागदाने काम होणार नाही, आधी त्या टेबलावर बोलावं लागेल.

आणखी एक. समेट झाल्यावर मुलीने "मीपण रोजा ठेवते" म्हटलं तर दचकू नका. वयात येण्यापूर्वी रोजा मुसलमान मुलांवरही बंधनकारक नसतो, बऱ्याच घरांत लहान मुलं अर्ध्या दिवसाचाच ठेवतात. सुट्टीच्या दिवशी सकाळची न्याहारी करून दुपारच्या जेवणापर्यंत काही खायचं नाही, एवढं पुरे. आठ वर्षांच्या मुलीला मार्चच्या उन्हात पाणी मात्र देत राहा, आणि तिला मधुमेह किंवा फिटचा त्रास असेल तर एवढा उपवासही नको. ताटं पाठवताना मात्र त्या घरी आधी विचारा, काय चालतं ते.

दोघांचे कागद अजून फाइलमध्ये आहेत. खाली दोघांनी मिळून एक रकाना जोडला होता, "मीठ". गार्गीच्या अक्षरात आईपुढे "अंदाजे", अयानच्या अक्षरात अम्मीपुढे "अंदाजे". त्याखाली कोणीतरी घाईत लिहिलंय : भजी खारट, आमटी अळणी.