शिबिरात तपासणी सुरू करण्याआधी गावकऱ्यांना स्वतःची ओळख कशी करून द्यायची? इंटर्न आहे, पहिल्यांदाच जातोय.

मी पुण्यात प्रॅक्टिस करतो, भोर-मुळशीकडच्या गावांत शिबिरांना बरीच वर्षं जातोय. माझं म्हणणं एकच, आधी माईक तुम्ही घेऊ नका, आशाताईंना बोलू द्या, कारण घराघरात त्यांचंच येणंजाणं असतं. मग तुम्ही नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, डिग्र्या एका वाक्यात उरका आणि लगेच आज काय होणार आणि काय नाही ते स्पष्ट सांगा. मी म्हणतो, "राम राम मंडळी, आज फक्त बीपी आणि साखर बघणार, पैसे लागणार नाहीत, सलाईन-इंजेक्शन नाही, कुणाला ऑपरेशनला नेणार नाही." हे आधीच सांगायचं, कारण बरेच जण सलाईन मिळेल म्हणून तासभर रांगेत थांबतात आणि शेवटी नाही म्हटलं की फसवल्यासारखं वाटतं त्यांना.

एकदा एका आजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "एकच सुई समद्यांना टोचता का?" प्रश्न अगदी बरोबर होता. तेव्हापासून मी ओळख करून देतानाच नवीन लॅन्सेट उघडतो, आधी स्वतःच्या बोटाला टोचतो, थेंब स्ट्रिपवर घेतो आणि ती सुई सगळ्यांना दिसेल अशी डब्यात टाकतो, आणि सांगतो की प्रत्येकाची सुई तुमच्या डोळ्यांसमोर उघडणार, थेंबाएवढंच रक्त लागतं.

बीपीबद्दल पण आधीच बोला. चढ चढून आलेल्या, नुकताच चहा घेतलेल्या, मिश्री लावलेल्या माणसाचं बीपी जास्त येतं, त्यामुळे अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं. एका मावशींचं आल्या आल्या १६४/९६ आलं, त्या घाबरून रडायलाच लागल्या, अर्ध्या तासाने बसवून मोजलं तर १४६/९०. म्हणजे अजून जास्तच, पण एका दिवसाच्या आकड्यावर मी आयुष्यभराची गोळी सुरू करत नाही, चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून दिले आणि वेगळ्या दिवशी उपकेंद्रात परत मोजायला सांगितलं. म्हणून आता ओळखीतच सांगून टाकतो की आज आकडा जास्त आला म्हणजे लगेच आजार ठरला असं नाही. फक्त १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, हातापायातली ताकद जाणं असं काही असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच वेळी गाडी करून मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, हे पण बोलून ठेवतो.

आणि "तुम्ही गेल्यावर आम्ही कुणाकडं जायचं?" हे हमखास विचारतात. म्हणून आदल्या दिवशीच प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करा, बीपी-शुगरच्या गोळ्या शिल्लक आहेत का आणि डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते विचारून घ्या, आणि तो वार ओळखीत सांगा.