सूचना ठेक्याच्या आधी द्या

एरोबिक्सचा वर्ग घेताना सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा: नवी हालचाल सुरू होण्याआधी तिचं नाव लोकांच्या कानावर पडलं पाहिजे. पहिल्या ठोक्यावर 'ग्रेपवाइन!' म्हणालात, तर ऐकून पाय उचलेपर्यंत दोन-तीन ठोके निघून जातात आणि अर्धा वर्ग मागे पडतो. नवशिक्या प्रशिक्षकांची सर्वांत मोठी चूक हीच.

वर्गाच्या संगीतात साधारणपणे 32 ठोक्यांचा एक तुकडा असतो, म्हणजे आठाचे चार गट. मार्च चालू असेल तर चौथ्या गटात असं बोला:

- 1 वर 'चार'
- 3 वर 'तीन'
- 5 वर 'दोन'
- 7-8 वर 'उजवीकडे ग्रेपवाइन'

'एक' म्हणायचंच नाही, त्याची जागा सूचनेची. मिनिटाला 128 ठोक्यांच्या गाण्यात 7-8 म्हणजे जेमतेम एक सेकंद, त्यामुळे सूचना दोन-तीन शब्दांचीच हवी. त्याच वेळी हाताने दिशा दाखवा. वर्गाकडे तोंड असेल तर तोंडाने 'उजवीकडे' म्हणा, पण स्वतः डावीकडे जा.

गुडघा, पाठ यांच्या दुरुस्त्या हालचाल बसल्यावर मधल्या गटांत सांगा. शेवटचे आठ ठोके मोजणीसाठी मोकळे ठेवा. घरी आधी पाय न हलवता, नुसतं गाणं लावून बोलण्याचा सराव करा.