दहा लाखांचे पॅकेज आणि डोंबिवलीचे घर

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, सातपूरला नोकरी करतो. पॅकेज 7 लाख 20 हजार, हातात 51 हजार येतात. सून, चार वर्षांची नात आणि तो नाशिकला 14 हजार भाड्याच्या टू-बीएचकेत राहतात. आता पवईच्या कंपनीकडून 10 लाखांची ऑफर आली आहे, त्यात 1 लाख व्हेरिएबल. नेटवरचा हिशेब सांगतो की नाशिकपेक्षा मुंबई 32 टक्के महाग आहे, म्हणजे साडेनऊ लाखांत तेच राहणीमान राहील. मग ऑफर फायद्याचीच ना? महिन्याच्या खर्चाची यादी सोबत पाठवतो. — एक वडील, निफाड

उत्तर : नमस्कार. तुम्ही यादी पाठवलीत हे बरे केलेत. त्या 32 टक्क्यांपेक्षा ती कितीतरी जास्त बोलते.

सगळ्या पगाराला एकाच टक्केवारीने गुणले की दोन्हीकडून गोंधळ होतो. चिरंजीवांची एसआयपी, विम्याचा हप्ता आणि मोबाइलचे बिल नाशकात जेवढे तेवढेच पवईत. यादीतले हे खर्च आणि महिन्याची चार हजारांची शिल्लक मिळून साडेबारा हजार होतात. शहर बदलले म्हणून त्यात एक रुपयाही वाढत नाही. याउलट भाडे 32 टक्क्यांनी वाढत नाही, घर कुठे घेता त्यावर ते जवळपास दीडपट, अडीचपट किंवा त्याहूनही जास्त होते. म्हणून शहर कोणते यापेक्षा घर कुठे, हे आधी ठरवावे लागते. ते ठरल्याशिवाय पगाराचा आकडा काढण्यात अर्थ नाही.

पवईतच टू-बीएचके घ्यायचे म्हटले तर एकट्या भाड्यातच आजचा सगळा पगार जाईल, त्यामुळे ते सोडून देऊ. उरतात ठाणे आणि डोंबिवली. घोडबंदर रोडला आजच्यासारखे, लिफ्ट-पार्किंगवाले घर मी 35 हजारांचे धरले आहे आणि डोंबिवलीत 20 हजारांचे. प्रत्यक्ष घरे बघाल तेव्हा तिथला आकडा घाला, पद्धत तीच राहील.

किराणा, दूध-भाजी, कामवाली, नातीची शाळा, प्रवास, वीज, बाहेरचे खाणे असा बाकीचा खर्च आज साडेचोवीस हजार आहे. डोंबिवलीत तो 29 हजारांच्या आसपास जाईल, ठाण्यात 35 हजारांच्या. किराण्याचे भाव दोन शहरांत फार वेगळे नसतात. फरक पडतो कामवालीच्या पगारात आणि शाळेच्या फीमध्ये. शिवाय तुमच्या यादीत गहू, कांदा आणि तांदूळ दिसत नाहीत, म्हणजे ते निफाडहून येतात. तिकडे गेल्यावर तेही दुकानातून आणावे लागतील. आणि सणावाराला निफाडला येण्या-जाण्याचे महिन्याला सरासरी अडीच हजार धरा. हा खर्च आज यादीत नाहीच.

आता बेरीज करू. डोंबिवलीत 20 हजार भाडे, 29 हजार घरखर्च, अडीच हजार गावच्या फेऱ्या आणि न बदलणारे साडेबारा हजार, असे 64 हजार हातात यायला हवेत. ठाण्यात हाच आकडा 85 हजार होतो.

हातात येणाऱ्या या रकमेवरून पॅकेजकडे उलटे जायचे. बेसिक पगार पॅकेजच्या निम्मा धरला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ (बेसिकच्या 12 टक्के) आणि ग्रॅच्युइटी (सुमारे 4.8 टक्के) या दोन्ही रकमा पॅकेजमध्ये मोजलेल्या असतात, पण हातात येत नाहीत. शिवाय चिरंजीवांच्या वाट्याचा पीएफ कापला जातो आणि व्यवसाय कर म्हणून महिन्याला 200 रुपये जातात. त्यामुळे पॅकेजच्या शंभर रुपयांतले साधारण 85-86 रुपयेच हाती पडतात. आयकराची चिंता इथे नको. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाख 75 हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. घरभाड्याची सवलत मात्र या प्रणालीत मिळत नाही. तेव्हा ‘भाडे जास्त तर कर वाचेल’ असे कोणी सांगितले तर ते सोडून द्या.

या हिशेबाने डोंबिवलीसाठी 9 लाख लागतात आणि ठाण्यासाठी जवळपास 12 लाख. चिरंजीवांच्या ऑफरमधले व्हेरिएबल बाजूला ठेवले की पक्के उरतात 9 लाख, म्हणजे महिन्याला बरोबर 64 हजार. व्हेरिएबल वर्षअखेरीला, कंपनीच्या आणि त्याच्या कामगिरीवर मिळते, आणि अनेकदा पूर्ण मिळत नाही. महिन्याचे भाडे त्याच्या भरवशावर ठरवू नये.

थोडक्यात, जवळजवळ 40 टक्के पगारवाढ दिसते, पण डोंबिवलीत राहिले तर ती पुरती खर्च होऊन कुटुंब आज आहे तिथेच राहते. ठाण्यात राहिले तर महिन्याला 21 हजारांचा खड्डा पडतो. नेटवरचा आकडा डोंबिवलीच्या जवळ आला हा योगायोग समजा. डोंबिवली म्हणजे काय, हे तो सांगत नाही.

ते असे. सातपूरला चिरंजीव वीस मिनिटांत गाडीवरून पोहोचतात. पवईला जायला कांजूरमार्ग स्टेशन सोयीचे, पण तिथे जलद गाड्या थांबत नाहीत. म्हणजे घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षा, मग सकाळच्या गर्दीत धीमी लोकल किंवा ठाण्याला गाडी बदलणे, आणि कांजूरहून बस नाहीतर शेअर रिक्षा. एका बाजूचे दीड तास धरा. महिन्याला पन्नासपेक्षा जास्त तास प्रवासात वाढतील. राहणीमान ‘तेच’ राहिले असे म्हणताना हे तास कुणाच्या वाट्याचे गेले, ते सूनबाईंना आणि नातीला विचारायला हवे. याला मी रुपयांत किंमत लावत नाही. माझ्या मते तो हिशेब घरातच बसून करायचा असतो.

सुरुवातीच्या खर्चाचेही बघा. दोन-तीन भाड्यांइतके डिपॉझिट, दलालाला एक भाडे, भाडेकराराची नोंदणी आणि सामानाचा टेम्पो असे डोंबिवलीतसुद्धा लाखभर रुपये आधी काढून ठेवावे लागतात. डिपॉझिट परत मिळते, पण तोवर अडकून पडते.

माझा सल्ला असा. चिरंजीवांनी एचआरकडे दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, व्हेरिएबलचा लाख पक्क्या पगारात घ्यावा. तसे झाले तर हातात 71 हजार येतात आणि डोंबिवलीत महिन्याला सात हजार वर उरतात. दुसरी, स्थलांतराचा खर्च. तो देताना ‘वर्षाच्या आत सोडले तर परत करावा लागेल’ अशी अट असते, ती वाचून घ्यावी. ‘मुंबई महाग आहे’ एवढेच सांगितल्याने एचआर हलत नाही. वरची बेरीज समोर ठेवली आणि पक्का आकडा मागितला तर बोलणे पुढे सरकते.

दोन्ही मागण्या नाकारल्या, तर काम काय आहे यावर निर्णय घ्यावा. सातपूरला न मिळणारे काम पवईत मिळत असेल, म्हणजे आज नुसते ड्रॉइंग करतो आणि तिथे पूर्ण डिझाइनची जबाबदारी येणार असेल, तर बरोबरीच्या हिशेबावर दोन वर्षे काढायला हरकत नाही. पुढची उडी त्या अनुभवावर लागते. काम तेच आणि फक्त आकडा मोठा असेल, तर मी जायला सांगणार नाही. आणि सातपूरचा राजीनामा पगाराचा तपशील, पक्का किती नि व्हेरिएबल किती, लेखी हातात आल्यावरच द्यावा.