व्हीपीएन जोडलेला दिसतो, पण सर्व्हर उघडत नाही

प्रश्न: स्टाफसाठी व्हीपीएनची प्रश्नोत्तरं लिहितोय. लॉगिन होतं, Connected दिसतं, तरी काहींना घरून ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही. काय लिहू?

उत्तर: आधी घरच्या राउटरची आयपी मालिका ऑफिसच्या मालिकेशी जुळते का, ते बघायला सांगा. समजा सर्व्हर 192.168.1.10 वर आहे आणि घरचा राउटरही 192.168.1 नेच सुरू होणारे पत्ते देतो. बरेच राउटर मुळातच तसे येतात. मग लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधत बसतो, व्हीपीएनकडे मागणी जातच नाही. पासवर्ड दहादा बदलूनही फरक पडणार नाही. विंडोजवर व्हीपीएन तोडून कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा आणि IPv4 Address बघा:

```
ipconfig
```

मालिका जुळली तर मोबाइल हॉटस्पॉटवरून व्हीपीएन जोडा. तिथे सर्व्हर उघडला, की घोळ इथेच आहे. राउटरच्या LAN सेटिंगमध्ये पत्ता 192.168.77.1 करा, राउटर आणि लॅपटॉप दोन्ही रीस्टार्ट करा. खरं तर ऑफिसचीच मालिका बदललेली बरी, नाहीतर प्रत्येक नव्या माणसामागे हेच. मात्र \\192.168.1.10 टाकून फोल्डर उघडतं आणि सर्व्हरच्या नावाने उघडत नाही, असं असेल तर हा इलाज नाही. तिथे डीएनएस सेटिंग तपासावं लागेल.