लवंग ओली की भिजलेली?

सप्रेम नमस्कार,

सुराबायाच्या लवंग पुरवठादारावर दावा सांगणारं शेठचं मूळ मराठी पत्र आणि तू पाठवलेला त्याचा इंडोनेशियन अनुवादाचा मसुदा, दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. भाषा तुझी स्वच्छ आहे. त्यामुळे व्याकरणावर वेळ घालवत नाही. माझी हरकत आहे ती एका वाक्यावर, आणि त्या एका वाक्यावर अख्खा दावा फिरतो.

शेठने लिहिलंय, ‘आपण पाठविलेली लवंग भिजलेली निघाली.’ तू ‘भिजलेली’साठी ‘बासाह’ घेतलंस, आणि पुढे समजुतीसाठी ‘पाणी लागलेली’ असंही जोडलंस. शब्दकोशाप्रमाणे ते बरोबर आहे. पण सुराबायाचा पुरवठादार ते वाचून काय म्हणेल? तो म्हणेल, पाणी लागलं म्हणजे वाटेत लागलं. जहाजाचं भाडं आणि विमा खरेदीदाराने भरायचा एफओबी करार असो की विक्रेत्याने भरायचा सीआयएफ, माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला की पुढची जोखीम खरेदीदाराची. म्हणजे तुम्ही विमा कंपनीकडे जा, माझ्याकडे कशाला आलात? आणि तुमच्याच पत्रावर बोट ठेवून तो हे म्हणेल.

आता सोबतचा प्रयोगशाळेचा अहवाल बघ. करारात ओलावा जास्तीत जास्त १३ टक्के ठरला होता, नमुन्यात १६.५ टक्के निघाला. नमुने वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातल्या पोत्यांतून घेतलेत आणि आकडे जवळजवळ सारखे आहेत. पोत्यांवर पाण्याचे ओघळ किंवा मिठाचे डाग नाहीत, तशी नोंदच आहे. बाहेरून पाणी शिरलं असतं तर काही पोती चिंब आणि बाकीची कोरडी निघाली असती. इथे सगळा मालच नीट न वाळवता भरलेला दिसतो. शेठला म्हणायचं आहे ‘ओली लवंग’. घाईत लिहून गेले ‘भिजलेली’. इंडोनेशियनमध्ये मालातल्या ओलाव्याला व्यापारी ‘कादार आइर’ म्हणतात, म्हणजे पाण्याचं प्रमाण. ‘कलंबापान’ वापरू नकोस, तो हवेतल्या दमटपणाकडे झुकतो. वाक्य असं बांध: मालातलं पाण्याचं प्रमाण १६,५ टक्के आढळलं, करारातली कमाल मर्यादा १३ टक्के आहे. बुरशी लागलेल्या ४२ पोत्यांचा उल्लेख त्यानंतर, परिणाम म्हणून कर. क्रम महत्त्वाचा आहे. बुरशी आधी आली तर वाचणारा पुन्हा वाटेतल्या पाण्याकडे वळतो.

पण हा बदल तू परस्पर करायचा नाहीस. शेठला फोन कर, ‘भिजलेली म्हणजे बाहेरून पाणी लागलेली की मुळात कमी वाळलेली?’ एवढं विचार आणि उत्तर त्यांच्याकडून लेखी घे. अनुवादकाने दावा सुधारून द्यायचा नसतो; दावा कुठे संदिग्ध आहे ते दाखवायचं असतं.

दशांश चिन्हाच्या जागी मी वर स्वल्पविराम दिला, तो चुकून नाही. त्यांच्याकडे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. शेठने लिहिलेलं ९,६४० किलो तू तसंच ठेवलंस. तिकडच्या नजरेला ते साडेनऊ किलोच्या आसपास दिसतं. ९.६४० असं हवं. आपल्या लाखांची मांडणीही तिथे चालत नाही: १२,५०,००० चं १.२५०.००० होतं. माझी सवय अशी की अनुवाद झाल्यावर मजकूर बाजूला ठेवून फक्त आकडे मूळ पत्राशी ताडून बघायचे. २०० पोती, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे १०.००० किलो, मिळाले ९.६४०, तूट ३६०. ही बेरीज-वजाबाकी पत्रातच दिसू दे. तूट निव्वळ वजनाची आहे की बारदानासकट, हेही शेठकडून कळायला हवं. मूळ पत्रात ते नाही.

‘आपण’ची गंमत तुला माहीत आहेच. ‘आम्ही’ म्हणजे ‘कामी’, आणि समोरच्याला धरून ‘आपण’ म्हणजे ‘किता’. मराठी माणसाला हा भेद शिकवावा लागत नाही. म्हणूनच पाय घसरतो, कारण औपचारिक पत्रातलं आपलं ‘आपण’ बहुतेक वेळा समोरच्याला उद्देशून असतं. तिथे ‘बापाक’ किंवा ‘इबू’ हवं, पहिलं अक्षर मोठं. दुसऱ्या परिच्छेदात तू ‘नमुने तपासले’ याला ‘किता’ लावलंस. त्याचा अर्थ झाला की दोन्ही बाजूंनी मिळून तपासणी केली. पुरवठादाराचा माणूस तिथे नव्हता. उद्या त्याने ‘आम्ही तपासणीला होतो असं तुम्हीच लिहिलंत, मग आमची सही कुठे आहे?’ असं विचारलं तर काय सांगणार?

शेवटच्या परिच्छेदात शेठचा पारा चढलाय: ‘ही सरळसरळ फसवणूक असून आठ दिवसांत निकाल न लावल्यास परिणामांस आपण जबाबदार राहाल.’ फसवणुकीला तू ‘पनिपुआन’ लिहिलंस. तो तिथे फौजदारी गुन्हा आहे, आणि पुढचा इशारा जोडला की पत्राला ‘सोमासी’चा वास येतो. म्हणजे दिवाणी खटल्याआधी, कराराचा भंग झाला म्हणून दिली जाणारी ताकीद. ती सहसा वकील लिहितात. शेठला अजून या माणसाकडून माल घ्यायचा आहे, हे तूच मला सांगितलंस. मग त्यांना विचार, हे पत्र दावा आहे की ताकीद? दावा असेल तर विषयाच्या ओळीत ‘क्लाइम’ लिही. ‘पेंगादुआन’ नको, ती एखाद्या कार्यालयाकडे केलेली तक्रार वाटते. आणि फसवणुकीच्या जागी ‘कराराशी जुळत नाही’ हे पुरे. शेठ तरीही हट्टाला पेटले तर त्यांचा शब्द तसाच जाईल, पण त्याचं वजन किती ते त्यांना कळलेलं असू दे.

उलट बाजूलाही सांभाळ. इंडोनेशियन पत्रात ‘मोहोन’ म्हणजे विनंती जागोजागी येते, आणि ‘कृपया लक्ष द्यावे’ एवढ्यावर पत्र संपलं तर पुरवठादार खरोखर फक्त लक्ष देतो. ‘मोहोन’च्या पुढे काय हवं, किती हवं आणि कधीपर्यंत, हे तिन्ही आलं पाहिजे: ४२ पोती बदलून द्या किंवा तेवढ्याची क्रेडिट नोट काढा, ३६० किलोच्या तुटीची भरपाई वेगळी. ‘आठ दिवस’ म्हणजे आपला आठवडा; त्यांना ते शब्दशः आठ दिवस वाटतील. सरळ तारीख घाल, महिना अक्षरी लिही, आधी ‘सलांबात-लांबातन्या’ म्हणजे ‘उशिरात उशिरा’. ती तारीख ईदच्या सुट्ट्यांत पडत नाही ना ते बघ. त्या काळात सणाला जोडून सामूहिक रजा असते आणि कार्यालयांत उत्तर द्यायला कोणी सापडत नाही.

बाकी मायना ‘दंगान होर्मात’, जोडपत्रांची संख्या वर, शेवटी आभार, हे तू नीट केलंस. करार दोन भाषांत असेल तर त्याची इंडोनेशियन प्रत मागवून घे. स्थानिक कंपनीशी केलेला करार इंडोनेशियनमध्येही असावा असा तिथे २००९ पासून कायदा आहे, त्यामुळे ती प्रत असण्याची शक्यता चांगली आहे. मालाचं वर्णन, दर्जा, ओलावा यांचे शब्द त्यातूनच उचल, माझ्याकडून किंवा कोशातून नव्हे.

आणि फोन करशील तेव्हा शेठना आणखी एक सांग. बुरशीची ती ४२ पोती वेगळी ठेवा, विकू नका, वाळवायलाही घेऊ नका. पुरवठादार स्वतःचा तपासनीस पाठवतो म्हणाला, तर पत्रातला १६,५ चा आकडा त्याला पोत्यात सापडायला हवा.