सांबा मसुरी, कडा करपा आणि तीन जीन

प्रश्न: भाताच्या रोगप्रतिकारक जाती काढताना मार्कर वापरून निवड करतात, ती नेहमीच्या संकर पद्धतीपेक्षा खरंच वेगळी असते का, की नुसतं लॅबचं कौतुक?

संकर दोन्हीकडे तोच असतो हो. संध्याकाळी फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचे परागकण त्यावर झटकायचे, पिशवी बांधायची. (आणि हे जीएम नाही, कोणीतरी विचारतंच म्हणून आधीच सांगतो.) फरक पडतो तो पुढे, उगवलेल्या रोपांतलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं उपटायचं हे कशावरून ठरवता त्यात: नेहमीच्या पद्धतीत रोप बघून, इथे मार्करवरून, म्हणजे जीनजवळची डीएनएतली खूण तपासून.

मी एम.एस्सी.ला कडा करप्यावर, म्हणजे भाताची पानं वाळवणाऱ्या जिवाणूजन्य रोगावर काम केलंय, म्हणून त्याचंच उदाहरण देतो. सांबा मसुरी म्हणजे बीपीटी ५२०४, १९८६ ची आंध्रातल्या बापटलाची जात, बारीक दाणा, खायला एक नंबर, पण कडा करप्यापुढे टिकत नाही. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने आणि तिथल्याच सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन केंद्राने मिळून तिच्यात तीन प्रतिकारक जीन आणले, एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५, आणि २००८ मध्ये सुधारित सांबा मसुरी आली. तीन कशाला, तर एकट्या जीनला चुकवणारे जिवाणूचे प्रकार असतात, तिघांना एकदम चुकवणं अवघड.

आता हेच जुन्या पद्धतीने करायला गेलात तर कुठे अडकता बघा. एक्सए-१३ आणि एक्सए-५ दोन्ही रिसेसिव्ह आहेत, म्हणजे दोन्ही प्रती असल्या तरच प्रतिकार दिसतो. बॅकक्रॉसमध्ये, म्हणजे संकराचं रोप पुन्हा सांबाशीच जुळवताना, मात्र रोपाला जीन देणाऱ्या जातीकडची फार तर एक प्रत मिळते, दुसरी सांबाची, त्यामुळे जीन आत असूनही रोप रोगाला बळीच पडतं आणि तुम्ही ते उपटून टाकता. ते ओळखायचं तर त्याचं बी धरून पुढची पिढी लावून रोग देऊन बघायचा, की प्रत्येक फेरीला एक हंगाम जास्तीचा, आणि सांबा जवळपास पाच महिन्यांची जात आहे. एक्सए-२१ चं उलटं, तो एका प्रतीतही दिसतो, पण तो रोपात असला की पान निरोगीच दिसतं, मग बाकीचे दोन आहेत का नाहीत हे डोळ्याला कळायचा मार्गच नाही. दादाजी खोब्रागडेंनी चंद्रपुरात शेतात नजरेने हेरून एचएमटी ही भाताची जात काढली, कारण वेगळी लोंबी आणि बारीक दाणा समोर दिसतो. एकामागे लपलेले जीन तसे दिसत नाहीत.

मार्कर इथेच कामाला येतो. रोप पंधरा-वीस दिवसांचं असताना पानाचा बोटभर तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, तिन्ही जीनच्या खुणा तपासायच्या, फुलोऱ्याच्या कितीतरी आधी निकाल हातात. बॅकक्रॉसमध्ये तिन्ही जीन असलेलं रोप आठात एक पडतं, म्हणजे ८० रोपांत साधारण १०. त्या १० मधून बाकीच्या मार्करवर ज्याचा डीएनए सांबाशी सगळ्यात जास्त जुळतो ते पुढच्या फेरीला घ्यायचं. असे चार बॅकक्रॉस झाले आणि मग निवडलेल्या रोपाचं स्वतःचंच बी धरलं. तिन्ही जीन दुहेरी असलेलं रोप तिथे चौसष्टात एक, आणि ते शोधायला रोगाची गरज नाही.

रोग द्यावा मात्र लागतोच, शेवटी तरी. फुटवे भरात असताना कात्री जिवाणूच्या पाण्यात बुडवून पानाची टोकं कापायची आणि दोन आठवड्यांनी पट्टी लावून डाग मोजायचा. आमच्याकडे एका रांगेत मार्कर तिन्ही जीन दाखवत होता आणि पानं टोकापासून निम्म्यापर्यंत वाळली, गाइडने मला असं बघितलं की बस. अशा वेळी त्याच रोपांचं पान पुन्हा तपासायचं. आता जीन दिसला नाही तर नळ्यांची अदलाबदल झालीय, आणि तरीही दिसला तर मार्कर आणि जीन यांच्यामधून तुटून खूण तेवढी आलीय, जीन मागेच राहिलाय. मार्कर जीनपासून जितका लांब तितका हा धोका जास्त. आमची अदलाबदल निघाली, मीच एक नळी पुढे सरकलो होतो.

आणि हे सगळं जीन माहीत असला तरच. पर्णकोष करप्याला एकट्याने रोग अडवेल असा जोरदार जीनच हाताला लागलेला नाही, प्रतिकार बारीक बारीक बऱ्याच जीनमध्ये विखुरलेला, तिथे अजूनही शेतात रोग पाडून, बघून, मोजूनच निवडावं लागतं. उत्पादनाचंही तेच, सुधारित सांबालाही वाण म्हणून येण्याआधी ठिकठिकाणच्या शेतात लावून बघावं लागलंच.